८,००० रुपयांच्या कामाला दिलेला नकार

गुहागरच्या एका होमस्टेवाल्या काकांना खोल्यांचे ऑनलाइन बुकिंग आणि पैसे भरण्याची सोय असलेली वेबसाइट ८,००० रुपयांत हवी होती. माझ्या ताशी ५०० रुपयांच्या दराने ते ६० तासांचे, म्हणजे ३०,००० रुपयांचे काम होते. दर उतरवला असता तर पुढेही तोच धरला गेला असता, म्हणून मी आधी फोन केला आणि लगेच लिहूनही पाठवले: “काका, एवढ्या रकमेत हे काम मला नीट करता येणार नाही. मात्र त्यात १६ तास बसतात. फोटो, खोल्यांचे दर आणि व्हॉट्सॲपवर चौकशीचे बटण असलेले एक पान नक्की होईल.” ‘बघू, पुढे कळवतो’ असे मी मुद्दाम लिहिले नाही, कारण त्या आशेवर थांबून त्यांचा मे महिन्याचा हंगाम हातचा गेला असता. काकांनी ते एक पान घेतले आणि गणपतीत शेजारच्या घरमालकांनाही माझ्याकडे धाडले.