रोज सकाळी घसा सोलवटलेला? या चुका टाळा

सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, आवंढा गिळताना घशात टोचतं आणि चहा पोटात गेला की तासा-दोन तासांत बरं वाटतं. ताप नाही, मानेत गाठी नाहीत. हे रोजचंच असेल आणि घरचे घोरण्याला वैतागले असतील, तर बहुधा जंतूंचा काही संबंध नसतो. रात्रभर उघड्या तोंडाने श्वास घेऊन घसा वाळलेला असतो. तरीही जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं जातं, ही पहिली चूक. संसर्गाने दुखणारा घसा दुपारीही दुखतो.

नाक हवा कोमट आणि ओलसर करून आत सोडतं, तोंडाने घेतलेल्या हवेला ती सोय तितकीशी नसते. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो आणि मग माणूस दचकून, तोंड उघडून हवा ओढतो. घोरताना पडजीभ फडफडून सुजते ती वेगळीच. रात्रीच्या दारूने किंवा झोपेच्या गोळीने स्नायू आणखी सैल पडतात.

तोंडाला पट्टी चिकटवून झोपायची सध्या टूम आहे. नाक चोंदलेलं असताना किंवा तपासणी न करता ती लावणं मला सरळसरळ धोक्याचं वाटतं. त्याने घशात बंद होणारी वाट काही उघडत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक मात्र उपचार सुरू झाल्यावर होते. समजा, रात्रभर झोपेतला श्वास तपासणाऱ्या स्लीप स्टडीत तासाला 34 वेळा श्वास अडतोय असं निघालं. 30 च्या वर म्हणजे तीव्र. नाकावरचा मास्क लावून सीपॅप, म्हणजे घशाची वाट उघडी ठेवायला दाबाने हवा आत सोडणारं मशीन, सुरू झालं आणि आठवडाभरात घसा आधीपेक्षा जास्त कोरडा पडू लागला. ‘मशीन मला सोसत नाही’ म्हणत ते माळ्यावर जातं. खरं तर झोपेत जबडा खाली पडतो आणि नाकातून आत ढकललेली हवा तोंडावाटे फुस्स करत बाहेर जाते. शेजारी झोपणाऱ्याला तो आवाज ऐकू येतो, बऱ्याच मशीनच्या पडद्यावर सकाळी गळतीची नोंदही दिसते.

आधी नाक बघा. ॲलर्जी किंवा वाकडा पडदा असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून उपचार घ्या. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र आपल्या मनाने आठवडाभर ओढू नका, बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं. मग मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये रोज ताजं डिस्टिल्ड पाणी भरून ओलावा एकेक पायरी वाढवा. नळीत पाणी गुडगुडलं तर एक पायरी खाली या किंवा नळीवर कापडी कव्हर चढवा. एवढ्याने भागलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मागा. हवेचा दाब स्वतः बदलू नका.

घसा एकाच बाजूला दुखत राहिला, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर मशीनशी खेळत न बसता घसा दाखवून घ्या.