21 सेकंदांनी उघडणारा प्रोग्राम: आयपीव्ही6 बाबत या चुका टाळा

चवथीच्या आधीची घाई. फोंड्याला मावसभावाचं घाऊक मालाचं दुकान आहे, तिथून फोन: "दादा, बिलाचो प्रोग्राम मरणाचा हळू झालाय. क्रोम मात्र ठीक चालतं."

गेलो, घड्याळ लावलं. दर वेळी साधारण 21 सेकंद शांतता, मग सगळं सुरळीत. वेग कमी असता तर आकडा रोज बदलला असता. ठरावीक थांबा दिसला की कुणीतरी उत्तराची वाट पाहतंय असं समजावं. विंडोज 7 आधी आयपीव्ही6 या नव्या पत्तापद्धतीने जोडणी मागतं, उत्तर न आल्यास 3, मग 6, मग 12 सेकंद थांबतं आणि नाद सोडून जुन्या आयपीव्ही4 कडे वळतं. बेरीज 21. क्रोम एवढं थांबत नाही, सेकंदाच्या आतच जुना रस्ता धरतं, म्हणून तिथे दुखणं दिसत नव्हतं.

भावाने तोवर डीएनएस बदलला होता, इंटरनेट कंपनीला दोनदा फोन केला होता. वेळ फुकट. आधी हे दोन पिंग करायचे:

```
ping -6 google.com
ping -4 google.com
```

पहिल्याला Request timed out, दुसरा झटपट. म्हणजे संगणकाकडे आयपीव्ही6 चा पत्ता आहे, पण त्या वाटेने पुढे काहीच जात नाही. `ipconfig` मध्ये 2 ने सुरू होणारा पत्ता होता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून एक fe80 ने सुरू होणारा, फक्त आतल्या नेटवर्कपुरता चालणारा पत्ता. गंमत अशी, की नव्या फायबर लाइनवर आयपीव्ही6 नव्हतंच. मग हा पत्ता वाटतोय कोण?

```
netsh interface ipv6 show neighbors
```

यात त्या fe80 समोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, पाहिला आणि राउटर उलटे करून स्टिकर वाचत सुटलो. सापडला गोदामात, तांदळाच्या पोत्यांवर: आधीच्या लाइनचा राउटर, वायफाय पोचावं म्हणून ठेवलेला. "त्याचं डीएचसीपी मी बंद केलंय," भाऊ म्हणाला. खरी चूक हीच, आणि ती भलेभले करतात. डीएचसीपी बंद केल्याने आयपीव्ही4 चं पत्तेवाटप थांबतं. आयपीव्ही6 मध्ये राउटर वेगळी हाळी देतो, राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, "पत्ता असा बनवा, बाहेर माझ्यामार्फत जा." जुन्या कनेक्शनचा हाताने भरलेला प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, घेऊन तो अजून ओरडत होता. वर पॅकेट गिळून गप्प बसत होता. "वाट नाही" एवढं जरी त्याने परत कळवलं असतं, तरी कदाचित 21 सेकंद गेले नसते.

त्याच्या आयपीव्ही6 पानावर लॅनकडची ॲडव्हर्टाइजमेंट बंद केली. लगेच फरक नाही, कारण संगणक घेतलेला पत्ता मुदत संपेपर्यंत धरून ठेवतो, आणि ती कधी कधी 30 दिवसांची असते. नेटवर्क कार्ड बंद करून चालू केलं, `ipconfig` मध्ये आयपीव्ही6 चा फक्त संगणकाचा स्वतःचा fe80 पत्ता उरला आणि प्रोग्राम टिचकीसरशी उघडला.

प्रत्येक संगणकावर आयपीव्ही6 ची टिक काढायचा सल्ला हमखास मिळतो. काढली असती तर बिल निघालं असतं, पण गोदामातला राउटर फोनना तेच पत्ते वाटत राहिला असता.