लग्नाच्या आमंत्रण व्हिडिओची तयारी: आधी मजकूर, मग सेकंद, शेवटी टेम्प्लेट

घरात लग्न ठरलं की मुलं पहिल्यांदा मोबाईलवर टेम्प्लेट बघायला बसतात. सोनेरी कमान, पडणाऱ्या पाकळ्या, हलणारी समई बघून एखादं पसंत पडतं आणि मग त्यात आपला मजकूर कोंबणं सुरू होतं. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी मजकूर पक्का करायचा, त्यावरून सेकंद काढायचे आणि तेवढे सेकंद, तेवढ्या ओळी ज्यात मोकळेपणाने बसतील ते टेम्प्लेट घ्यायचं.

मजकूर छापील पत्रिकेवरूनच घ्या, पण सगळा नको. मामा, काका, आत्या, व्यवस्थापक मंडळी आणि लहान मुलांचा 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हा आग्रह कागदावर शोभतो, त्याची जागा तिथेच ठेवा. व्हिडिओत कुलदेवतेचं नाव, चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं, दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं व गाव, हळद आणि अक्षतांची वेळ, कार्यालयाचा पत्ता आणि निमंत्रक एवढं पुरतं. हा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या मेसेजसारखा टाईप करून घ्या. पत्रिका छापणाऱ्याकडची फाईल बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती कॉपी करून व्हिडिओच्या अॅपमध्ये टाकली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हं उमटतात.

आता सेकंद. प्रत्येक पडद्यावरचा मजकूर सावकाश, मोठ्याने दोनदा वाचा आणि घड्याळ लावा. पडद्याला तेवढा वेळ द्यायचा, कारण घरातल्या आजोबांना चष्मा सावरून वाचायचं असतं. मुलीकडचे कोल्हापूरचे आणि मुलाकडचे गडहिंग्लजचे असं एक लग्न धरू. 'श्री अंबाबाई प्रसन्न, श्री जोतिबा प्रसन्न' याला ४ सेकंद, फोटोसह वधूवरांच्या नावांना ९, आईवडिलांच्या नावांना ८, नुसत्या दोन फोटोंना ६, हळद आणि अक्षतांच्या वेळांना १०, कार्यालयाच्या पत्त्याला ६ आणि निमंत्रकांना ५. बेरीज ४८ सेकंद. मिनिटाच्या आतला असल्याने हा व्हिडिओ व्हॉट्सअॅप स्टेटसला सलग बसतो. दीड-दोन मिनिटांचा केला तर बघणारा बोट लावून पुढे सरकवतो आणि तारीख-वेळ बहुतेकदा शेवटी असल्याने नेमकी तीच सुटते.

सेकंदांवरून फाईलचा आकारही आधीच कळतो. व्हिडिओ उभा, १०८०×१९२० मापाचा आणि MP4 मध्ये काढा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट ठेवला तर ४८ गुणिले २ म्हणजे ९६ मेगाबिट, त्याला ८ ने भागून १२ एमबी. आवाजाचा जेमतेम एक एमबी धरून १३ च्या आत सगळं बसतं. मोबाईलच्या डेटावरही एवढी फाईल पटकन उतरते आणि फोनची मेमरी भरत आलेली असली तरी कोणी ती टाळत नाही.

आता टेम्प्लेट निवडा आणि निवडताना एकच प्रश्न विचारा: अक्षरांच्या मागे काय हलतंय? व्हॉट्सअॅप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करतो. फ्रेममधला बराच भाग स्थिर असेल तर दाबूनही चित्र स्वच्छ राहतं, कारण बदललेलं तेवढंच नव्याने साठवावं लागतं. चमकी आणि पाकळ्यांचा पाऊस पडत असला की प्रत्येक फ्रेम सगळीकडे बदलते, मोजके बिट पुरत नाहीत आणि चौकोनी ठिपके दिसायला लागतात. त्यात बारीक अक्षरं पहिल्यांदा फुटतात. म्हणून पाकळ्या फोटोच्या पडद्यावर पडू देत, पण तारीख आणि पत्त्याची पार्श्वभूमी सपाट आणि स्थिर हवी. वर आणि खाली साधारण २५० पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर स्टेटसवर वर तुमचं नाव आणि खाली उत्तराची चौकट त्या जागेवर येते. सुरुवात काळ्या पडद्यातून उजळणारी असेल तर ती कापा. चॅटमध्ये दिसणारं छोटं चित्र बहुतेकदा पहिल्या फ्रेमचं असतं, तिथे काळा चौकोन दिसला तर उघडण्याची ओढ राहत नाही.

टेम्प्लेटचे पैसे देण्याआधी त्यात चार शब्द टाईप करून बघा: ऋतुजा, ज्ञानेश्वर, कुऱ्हाडे, शिर्के. 'शि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, 'ज्ञ' सुटा होऊन 'ज् ञ' दिसला किंवा 'ऱ्ह' मोडला तर त्या टेम्प्लेटला देवनागरी जुळवणं जमत नाही. फॉन्ट बदलून बघा, तरीही तसंच राहिलं तर सोडून द्या. आफ्टर इफेक्ट्सवर काम करून देणाऱ्याला भारतीय लिप्यांचा टेक्स्ट पर्याय चालू करायला सांगा, बऱ्याच वेळा तेवढ्याने दुरुस्त होतं. फॉन्ट घेताना 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा. मुक्ता वाचायला स्पष्ट आहे, तर टिरो देवनागरी मराठीला पत्रिकेचा डौल आहे.

फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. साधे पाठवलेले फोटो आधीच दाबलेले असतात, टेम्प्लेट ते मोठे करतं आणि चेहरे मऊ दिसतात. दोन-तीन फोटो पुरेत. गोल चौकट असेल तर नीट बघा: नवरदेवाचा कोल्हापुरी फेटा वरून हमखास कापला जातो. फेट्याच्या वर मोकळी जागा असलेला फोटो घ्या किंवा उभी कमान निवडा.

संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकून ठरवा, हेडफोनवर नाही. सनई आणि हलगीचा कडाका छोट्या स्पीकरवर खणखणीत येतो, पण घुमक्याचा ठोका जवळजवळ नाहीसा होतो. शेवटची दोन सेकंदं आवाज हळूहळू उतरू द्या. सिनेमातलं गाणं लावलं तर व्हॉट्सअॅपवर चालून जाईल, पण इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर हक्काच्या कारणाने आवाज बंद होऊ शकतो. तिथेही टाकायचा असेल तर यूट्यूबच्या मोफत ऑडिओ लायब्ररीतली धून बरी.

तयार झालेला व्हिडिओ दोन्ही घरांतल्या एकेका जाणत्या माणसाला दाखवा. त्यांनी नावं, वार-तारीख आणि 'दुपारी की सायंकाळी' हे मोठ्याने वाचावं. मग घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर पाठवून उन्हात बघा.

पहिली पत्रिका अंबाबाईला आणि कुलदैवताला ठेवून झाली, वडीलधाऱ्यांना फोन झाले की व्हिडिओ सोडा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो जातो. म्हणून आजोळची यादी मामांच्या फोनवरून आणि भावकीची काकांच्या फोनवरून जाऊ द्या. व्हिडिओखाली तारीख, वेळ, कार्यालयाचं नाव आणि नकाशाची लिंक लिहा. व्हिडिओतल्या अक्षरांवर बोट लावून नकाशा उघडत नाही आणि ऐनवेळी चॅटमध्ये शोधणाऱ्याला लिहिलेलाच मजकूर सापडतो.

अक्षता पडेपर्यंत मूळ प्रोजेक्ट पुसू नका. वेळ किंवा कार्यालय बदललं तर पुढे गेलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. अशा वेळी पहिल्याच फ्रेमवर ठळक अक्षरांत 'बदललेली वेळ' लिहून नवा व्हिडिओ त्याच सगळ्या याद्यांवर पाठवा आणि गाडी करून येणाऱ्या पाहुण्यांना शिवाय फोन करा.