फोटोवरून ग्राइंडरची चकती ओळखताना: आकार, बोअर आणि आरपीएम यांचा मेळ कसा घालावा

फॅब्रिकेशनच्या कारखान्यात टूल स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाच्या फोनवर दिवसभर एकाच प्रकारचे फोटो येत असतात. साइटवरचा फिटर अर्धवट झिजलेल्या चकतीचा फोटो पाठवतो आणि विचारतो, ‘ही आपल्या मशीनला चालेल का?’ या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उत्तर फोटोतून निघते, पण ते कोणत्या क्रमाने काढायचे आणि कोठे थांबायचे हे ठाऊक नसेल, तर बरोबर वाटणारे उत्तरही एखाद्याच्या तोंडावर चकती फुटण्याचे कारण ठरू शकते.

चकतीच्या लेबलवर पाहण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात, परंतु पहिल्यांदा वाचायची ती तीन आकड्यांची ओळ. ‘१२५ × १.२ × २२.२३’ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा जाडी आणि तिसरा मधल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, व्यास असतो, तिन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चार इंची ग्राइंडरच्या चकतीला १६ मिलिमीटरचे बोअर असते. ११५, १२५, १८० आणि २३० मिलिमीटरच्या चकत्यांना ते २२.२३ असते, तर लोखंड कापायच्या १४ इंची चॉप सॉच्या ३५५ मिलिमीटरच्या चकतीला २५.४. जाडीवरून चकतीचे काम कळते. एक ते दीड मिलिमीटरची चकती फक्त कापण्यासाठी असते, तर सहा मिलिमीटरच्या आसपासची चकती घासण्यासाठी असते. पातळ चकती आडवी धरून वेल्ड घासला की बाजूने येणाऱ्या जोराने तिचे तुकडे होतात. समोरून काढलेल्या फोटोत जाडी दिसत नाही, म्हणून कडेचा फोटो वेगळा मागवावा.

या ओळीजवळच दोन वेग छापलेले असतात: एक आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेरे, आणि दुसरा मीटर प्रति सेकंदात. दुसरा आकडा चकतीच्या कडेचा वेग असतो आणि हातात धरायच्या ग्राइंडरच्या चकत्यांवर तो बहुधा ८० असतो. कडेचा वेग तोच ठेवायचा, तर मोठ्या चकतीने कमी फेरे घ्यायला हवेत. म्हणूनच ८० मीटर प्रति सेकंदाच्या १०० मिलिमीटर चकतीवर १५,३००, १२५ वर १२,२५०, १८० वर ८,५००, २३० वर ६,६५० आणि ३५५ वर ४,३०० असे आकडे दिसतात. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून पाहिला, तर उत्तर १५.३ लाखांच्या आसपासच येते. हा एक आकडा मी प्रत्येक नवशिक्याला पाठ करायला लावतो, कारण पुसट फोटोतला अंक पडताळायला याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

याचे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. गेटचे काम चाललेल्या एका साइटवरून आलेल्या फोटोत लेबलचा जवळजवळ अर्धा भाग घासून गेला होता. आकारातला पहिला अंक १ आणि शेवटचा ५ दिसत होता, मधला नव्हता, ‘१.२ × २२.२३’ स्वच्छ वाचता येत होते. आरपीएमच्या जागी ‘१२,२’ एवढेच उरले होते आणि शेजारी ८० दिसत होते. ही चकती ११५ची की १२५ची, हा पहिला प्रश्न. ८० मीटर प्रति सेकंदाच्या ११५ मिलिमीटर चकतीवर १३,३०० हा आकडा असतो, तो १२ हजारांनी सुरू होत नाही. १२५ घेतले की १२,२५० बरोबर जुळते.

एवढ्यावर न थांबता फोटोतूनच मोजमाप करावे. बोअरचा खरा व्यास लेबलवर वाचता आला असेल, तर तोच मोजपट्टीचे काम देतो. त्या फोटोत बोअरची आतली कड ते कड अंतर १८४ पिक्सेल आणि त्याच सरळ रेषेत चकतीचा पूर्ण व्यास १,०१० पिक्सेल भरला. १,०१० ला १८४ ने भागून २२.२३ ने गुणले की १२२ मिलिमीटर येतात. चकती वापरलेली होती, त्यामुळे ती झिजून लहान झाली असणे साहजिक आहे. मात्र ११५ची चकती झिजून १२२ होणे शक्य नाही. आकारातले अंक, वेगाचे अंक आणि मोजमाप या तिन्हींनी एकच उत्तर दिले, म्हणून ती १२५ मिलिमीटरचीच, हे मी निश्चित मानले.

या मोजमापाला मर्यादा आहेत. दोन्ही अंतरे एकाच रेषेत मोजली, तर फोन थोडा तिरका धरला गेला असला तरी फारसे बिघडत नाही, कारण बोअर आणि कड सारख्याच प्रमाणात आकसतात. खरी चूक होते ती मधोमध खोलगट असलेल्या चकतीत. तेथे बोअरची पातळी कडेपेक्षा काही मिलिमीटर मागेपुढे असते आणि फोन अगदी जवळ धरला असेल, तर उत्तरात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फोन हातभर लांब धरून झूम केल्यास हा फरक कमी होतो. चकतीवर स्टीलची पट्टी ठेवून दुसरा फोटो काढायला सांगणे त्याहून चांगले.

चकती ओळखली, तरी मशीन ओळखल्याशिवाय उत्तर देऊ नये. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मागवून त्यावरचा नो-लोड स्पीड वाचावा. मशीनला वेग कमी-जास्त करायचे चाक असेल, तर त्याचा सर्वांत जास्त वेगच धरावा. चकतीवरचा आरपीएम नेहमी मशीनच्या आरपीएमइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. वर सांगितलेल्या साइटवर दोन ग्राइंडर होते, एक चार इंची आणि एक पाच इंची, आणि दोन्ही ११,००० आरपीएमचे. चकती १२,२५०ची असल्याने वेगाच्या कसोटीवर दोन्ही मशीन पास होत होती, आणि नवीन माणूस नेमका येथेच फसतो. चार इंची मशीनच्या फ्लँजचा खांदा १६ मिलिमीटरचा असतो. त्यावर २२.२३चे बोअर बसवले, तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटरची फट राहते, चकती मध्यावर बसत नाही आणि थरथरू लागते. शिवाय १२५ची चकती चार इंची गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्डच काढून ठेवला जातो. बोअरमध्ये वॉशर किंवा तारेचे वेढे घालून ‘ॲडजस्ट’ केलेल्या चकतीचा फोटो आला, तर बाकी काही न वाचता नकार द्यावा. त्या साइटला मी लेखी कळवले, ‘फक्त पाच इंची मशीनवर, गार्डसह, आणि तेही रिंगवरची तारीख पाहून.’

ही तारीख पुष्कळांना माहीतच नसते. कापण्याच्या आणि घासण्याच्या या चकत्यांमधले खडे रेझिनने बांधलेले असतात आणि ओलावा व वय यांमुळे रेझिन कमकुवत होते. युरोपच्या ईएन १२४१३ या मानकाप्रमाणे बनवलेल्या चकतीवर उत्पादनापासून जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत दिलेली असते. ती बहुधा बोअरभोवतीच्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष अशी ठोकलेली असते. फोटोत रिंगवर प्रकाश चमकला की ती वाचता येत नाही, म्हणून रिंगचा जवळून, तिरक्या उजेडातला फोटो मागवावा. दगडी ग्राइंडिंग व्हील टिचकी मारून आवाजावरून तपासण्याची जुनी पद्धत या चकत्यांना लागू पडत नाही. रेझिनची पातळ चकती धड असली तरी खणखणत नाही. येथे कडेचे तुकडे, भेगा आणि ओल लागल्याचे डाग डोळ्यांनीच शोधावे लागतात.

साइटवरचा एक समज मला विशेष काळजीत टाकतो. सात इंची चकती झिजून चार इंचांची झाली की ती लहान ग्राइंडरला लावून ‘संपवायची’. लेबलवरचा ८,५०० हा आकडा चकती झिजली तरी बदलत नाही. लहान झालेल्या चकतीच्या कडेचा वेग गणितात बसतो हे खरे, पण उत्पादकाने त्या वेगाची हमी दिलेली नसते, तिने आधीच किती दणके खाल्ले ते फोटोत दिसत नाही आणि बोअर तर जुळतच नाही. त्याउलट नवीन सात इंची चकती गार्ड काढून ११,०००च्या मशीनवर लावली, तर कडेचा वेग जवळजवळ १०४ मीटर प्रति सेकंद होतो. चकतीतला ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने तो ठरवलेल्या मर्यादेच्या सुमारे १.७ पट होतो.

आता लाकूड कापायच्या पात्याविषयी. ११० मिलिमीटरच्या दातेरी पात्याचा फोटो पाठवून ‘यावर १३,००० लिहिले आहे, मशीन ११,०००चे आहे, मग काय हरकत?’ असे विचारले जाते. आकडा बरोबर असूनही उत्तर ‘नाही’ हेच आहे. अँगल ग्राइंडरच्या सूचना-पुस्तिकांमध्ये दातेरी पाते लावण्यास मनाई असते. लाकडात दात अडकला की संपूर्ण मशीन हातातून उलटे उसळते, ग्राइंडरचा गार्ड अर्धेच पाते झाकतो आणि मशीनला कामावर टेकवायला तळपट्टी नसते. फोटोत असे पाते ओळखणे सोपे आहे. पाते स्टीलचे असते, प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा वेगळ्या रंगाचा तुकडा झाळलेला असतो आणि ‘४० टी’ असा दातांचा आकडा लिहिलेला असतो. फरशी कापायच्या डायमंड ब्लेडच्या कडेतील खाचा नवख्या डोळ्याला दातांसारख्या दिसतात. प्रत्यक्षात ते सपाट तुकडे असतात आणि त्यांच्यातले अंतर ग्राइंडरवर वापरायच्या ब्लेडमध्ये १० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. डायमंड ब्लेडवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो मशीनवरच्या बाणाशी जुळतो की नाही, हे बसवलेल्या स्थितीतल्या फोटोवरून तपासावे.

शेवटी त्या फोटोंविषयी, ज्यांत काहीच वाचता येत नाही. १५.३ लाखांचा हिशेब पुसट झालेला अंक पक्का करण्यासाठी आहे, नसलेला आकडा निर्माण करण्यासाठी नाही. व्यास मोजून ‘हिचा आरपीएम इतका असणार’ असे कळवणे म्हणजे ती चकती ८० मीटर प्रति सेकंदासाठीच बनवली आहे, असे मनाने ठरवणे होय. ५० किंवा ६३ मीटर प्रति सेकंदाच्या चकत्याही बाजारात असतात आणि लेबलाविना त्या हुबेहूब तशाच दिसतात. अशा चकतीसाठी मी एकच सूचना पाठवतो: ती मोडून तिचे दोन तुकडे करा आणि मगच भंगारात टाका. अखंड टाकलेली चकती संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलून पुन्हा मशीनला लावतो.