समावेशक वर्गावर शिक्षकांपुढे कसं बोलावं: फळ्यावरचे तीन रकाने

शिक्षण परिषदेत ‘समावेशक वर्ग’ या विषयावर बोलायला बोलावतात तेव्हा कागदावर दीड तास असतो आणि हातात येतात पन्नास मिनिटं. प्रास्ताविक लांबतं, मधेच कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची निघते, मग चहा येतो. त्यामुळे पन्नास मिनिटांचंच ठरवून जा. जेवणाआधीची वेळ मागून घ्या. कोल्हापुरात जेवणानंतर समोर बसलेल्या साठ शिक्षकांना जागं ठेवणं माझ्याच्याने तरी झालेलं नाही. फळा आणि खडू पुरतात, प्रोजेक्टरची वायर शोधत बसू नका.

‘कायद्यापासून सुरुवात करा, मग अपंगत्वाचे प्रकार सांगा’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. मी पहिली दोन वर्षं तेच केलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले 21 प्रकार एकेका स्लाइडवर, लक्षणांसकट. शिक्षकांनी मन लावून उतरवून घेतले. पुढच्या महिन्यात त्याच केंद्रातल्या एका शाळेने चार मुलांच्या पालकांना बोलावून ‘तुमच्या पोराला एडीएचडी आहे’ असं सांगून टाकलं होतं. गंमत म्हणजे त्या 21 प्रकारांच्या यादीत एडीएचडी नाहीच. पण चूक त्या शाळेची नव्हती. मी नावं वाटली आणि त्यांनी ती चिकटवली. आता कायद्याला मी दोन वाक्यं देते: दिव्यांग मुलांना बाकीच्यांसोबत त्याच वर्गात शिकवायचं आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं आहे. पुढे जायचं.

आता मुख्य काम. फळ्यावर दोन उभ्या रेघा मारा आणि तीन रकाने करा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मग म्हणा, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त दमवणारं एक पोर आठवा. नाव सांगू नका.’

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅडम, लई उद्धट आहे.’ दुसरं, ‘लक्षच नाही.’ तिसरं, ‘मारकुटा.’ यातलं एकही फळ्यावर लिहायचं नाही. इथेच मी कितीतरी वेळा घसरले. बाई म्हणाल्या ‘उद्धट आहे’, की मीच समजूतदारपणे म्हणायचे, ‘म्हणजे सांगितलेलं काम नाकारतो, होय ना?’ आणि सुंदर अक्षरात रकाना भरून टाकायचे. सगळे माना डोलवायचे. वर्गात गेल्यावर काहीच बदलायचं नाही, कारण बघायचं काम मी केलेलं असायचं, त्यांनी नाही.

म्हणून हातात खडू धरून गप्प उभ्या राहा. नियम एकच सांगा: मोबाइलवर शूटिंग केलं असतं तर जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. उद्धटपणा शूटिंगमध्ये दिसत नाही. ‘शेजाऱ्याच्या पाठीत पट्टी मारतो’ हे दिसतं. शांतता लांबते आणि अवघड वाटते, तरी मधे बोलू नका. अर्ध्या मिनिटाने कुणीतरी बोलतंच.

दुसरा रकाना भरला की लगेच तिसरा घ्या, पहिला मागे ठेवा. तिसऱ्यात शिक्षक ‘शिक्षा केली’ एवढंच सांगतात. तिथे सोडू नका. एका परिषदेतला संवाद मला जवळजवळ पाठ आहे.

‘सर, शिक्षा म्हणजे नेमकं काय केलंत?’

‘बाहेर उभं केलं.’

‘बाहेर तो काय करतो?’

‘काय करतंय, व्हरांड्यातनं रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या मोजतंय.’ सगळे हसले.

‘आणि आत काय चाललं होतं?’

‘प्रकटवाचन.’

‘मग त्याचं वाचन?’

सर थोडे थांबले. ‘ते राहिलंच की.’

अशा जागी तुम्ही तोंड उघडू नका. ‘बघा, म्हणजे शिक्षा हेच त्याचं बक्षीस झालं’ हे वाक्य ओठावर येतं, पण ते खोलीतल्या कुणाला तरी म्हणू द्या. त्या दिवशी मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘म्हणजे सुटका करून घ्यायला मारतंय.’ हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर सरांना ते टोमण्यासारखं लागलं असतं.

याच सरांचं उदाहरण पुढे मी प्रत्येक भाषणात वापरते, त्यांच्या परवानगीने आणि शाळेचं नाव न घेता. चौथीचा वर्ग, 34 मुलं. त्यांनी पाच दिवस हजेरीच्या जुन्या कागदामागे नोंद ठेवली. पोराने 11 वेळा कुणाला तरी मारलं. त्यातल्या 8 वेळा बाकांच्या ओळीने प्रकटवाचन चाललं होतं, 2 वेळा फळ्यावरचं उतरवून घेताना, आणि एकदा पोषण आहाराच्या रांगेत. खेळाच्या तासाला एकदाही नाही, तोंडी गणितातही नाही. सगळ्यात बोलकी नोंद सरांनी तिसऱ्या दिवशी केली होती: ‘याच्या आधीची दोन मुलं उरली की सुरू होतं.’ पोरगं आपली पाळी मोजत होतं.

मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला जवळ घेऊन दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला तर घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ, रफार गळालेला, ‘सूर्य’चा ‘सूय’. यावरून त्याला कसलं नाव द्यायचं नाही. ते तपासणाऱ्यांचं काम आहे, आणि त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे असतात. शिक्षकाला सोमवारी काय करायचं ते कळायला एवढी माहिती पुरते.

सरांनी तीन गोष्टी बदलल्या. बाकांच्या ओळीने वाचन बंद केलं. या पोराला उद्याच्या दोन ओळी आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या, घरी बहिणीसोबत तयारी करून यायचं. दुसरं, नको झालं की लाल पेन्सिल बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायची. पेन्सिल दिसली की सर त्याला काही न विचारता पाणी प्यायला पाठवायचे. दोन मिनिटांत परत यायचं आणि उरलेली ओळ वाचायची. सुटका हवी तर मिळेल, पण मागून, मारून नाही. तिसरं, मारलंच तर बाहेर काढायचं नाही. दोघांना वेगळं करायचं, मार बसलेल्या पोराकडे आधी बघायचं, याला आपल्या खुर्चीशेजारी बसवायचं आणि त्याच्या दोन ओळी तिथे आवाज न चढवता पूर्ण करून घ्यायच्या.

आता जी गोष्ट भाषणात सांगितली नाही तर तुमची सगळी मेहनत वाया जाते ती ऐका. आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी आणखी जोरात करून बघतं. सरांच्या वर्गात तिसऱ्या दिवशी एकाच तासाला चार वेळा मारामारी झाली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘मॅडम, तुमचं काय चालंना झालंय.’ मी एवढंच म्हटलं की आणखी आठ दिवस काही बदलू नका. नेमकं या टप्प्यावर बाहेर काढलं असतं तर पोर एकच धडा शिकलं असतं, की चार वेळा मारावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात आठवड्याला एक-दोन प्रसंग उरले. मी हे शिक्षकांना आधीच सांगते, तारीख टाकून फळ्यावर लिहून ठेवते, ‘तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढेल’. आधी सांगितलं की वाढल्यावर ते घाबरत नाहीत, उलट ‘मॅडम म्हणल्या तसंच झालं’ म्हणतात.

पोरगं अजून नीट वाचत नाही. मारणं जवळजवळ थांबलं, वाचन शिकवायचं काम वेगळं आहे, आणि ते गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला सोबत घेऊन चाललं आहे. हेही स्पष्ट सांगा, नाहीतर लोकांना वाटतं तीन रकान्यांनी सगळंच सुटतं.

मग आक्षेप येतात. ‘एकासाठी एवढं करायचं, मग बाकीच्या तेहतीस जणांवर अन्याय नाही का?’ वाद घालू नका, हिशोब मांडा. अकरा मारामाऱ्या, प्रत्येकीत सोडवणं, रडणं, बाहेर काढणं मिळून पाच मिनिटं धरली तर आठवड्याला 55 मिनिटं. दीड तासिका कुठे जात होती ते आपोआप कळतं. ‘आमच्या वेळी दोन छड्या बसल्या की सरळ व्हायचं’ हे म्हणणारे एक गुरुजी प्रत्येक खोलीत असतात. त्यांना कायदा पुन्हा वाचून दाखवू नका, तिसरा रकाना दाखवा आणि विचारा, ‘गुरुजी, छडीनंतर वाचलं का त्याने?’

एकच उदाहरण दिलं तर शिक्षक प्रत्येक पोरात सुटका शोधू लागतात. म्हणून लगेच उलटं उदाहरण जोडा. एका शाळेत दुसरीतली मुलगी रोज साडेबाराला कानावर हात ठेवून किंचाळायची. नोंद पाहिली तर पहिल्या रकान्यात दरवेळी एकच होतं, पोषण आहाराची ताटं फरशीवर ओतल्याचा आवाज. तिला पाच मिनिटं आधी मागच्या खोलीत नेलं, पुढे ताटं पोत्यावर ठेवायला लागले, आणि किंचाळणं थांबलं. तिला शिस्त लावायची काहीच गरज नव्हती. तिसरा प्रकार लक्ष वेधून घेणाऱ्यांचा. तिथे बाहेर काढल्यावर सगळा वर्ग वळून बघतो तेच बक्षीस ठरतं.

आणि हे तर ठणकावून सांगा. पहिला रकाना रोज रिकामा राहत असेल, मूल बोलता बोलता किंवा खेळता खेळता काही सेकंद नजर लावून थिजत असेल, हाक मारली तरी ओ देत नसेल आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू करत असेल, तर त्याला ‘तंद्रीत असतं’ म्हणू नका. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. पालकांना डॉक्टरकडे पाठवा. शांत पोर अचानक मारकुटं झालं तर आधी घरी काय घडलंय ते हळूच विचारा, कागद नंतर.

पालकांशी बोलताना निदान नको, नोंद दाखवा. ‘ओळीने वाचायची पाळी आली की त्याला घाम फुटतो’ हे आई ऐकून घेते. ‘त्याला प्रॉब्लेम आहे’ म्हटलं की ती उठते.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाला तीन रकान्यांचा कोरा कागद द्या. एकच मूल, पाच दिवस, दिवसातला एकच तास. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेऊ नका, त्यात सगळे ‘उत्कृष्ट मार्गदर्शन’ लिहितात. त्याऐवजी केंद्रप्रमुखांकडून पुढच्या परिषदेची पहिली पंधरा मिनिटं आत्ताच मागून घ्या. त्या दिवशी अर्धे लोक कागद कोराच आणतील. कुणाला उभं करू नका. चहाच्या वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसा, पेन काढा आणि काल तिसऱ्या तासाला काय झालं तेवढं विचारा.