बाबांचं फोटोंचं अकाउंट असं उघडलं

"कोड येतच नाही रे," बाबा वैतागले. येणार कसा? रिकव्हरीला दिलेला नंबर कधीच बंद झालाय.

"बाबा, आता अंदाजाने पासवर्ड टाकू नका. जुना टॅब कुठंय?"

"कपाटात. त्यात फोटो दिसतात की!"

म्हणजे तिथलं लॉगिन शाबूत होतं. टॅब चार्ज करून घरच्याच वायफायला जोडला. ओळखीच्या डिव्हाइसवरून पडताळणी सोपी जाते. फोनवर 'पासवर्ड विसरलात' दाबून दुसरा पर्याय निवडला, तशी टॅबवर विचारणा आली.

"हो म्हणू?"

"फोनवर दिसतोय तोच आकडा दाबा."

उघडलं! नवा पासवर्ड ठेवला, लगेच नंबर बदलला. बॅकअप कोड बाबांनी वहीत उतरवले. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा.