घरच्या फणसाचं दार करण्याआधी फळी वजन करून बघा

आमच्या फोंड्याकडे परसातला फणस कापला की लगेच दारं करायची घाई होते. आम्हीही केली होती. मे महिन्यात चौकटीत नीट बसलेलं दार दिवाळीनंतर वाकलं आणि फळीच्या टोकाला बोट जाईल एवढी चीर पडली.

ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून फळी पन्हळीसारखी वळते. टोकांतून पाणी सर्वांत लवकर जातं, म्हणून चीर तिथूनच सुरू होते.

फळ्या कापल्याबरोबर टोकांना उरलासुरला ऑइल पेंट फासा. मग सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या रचलेल्या जागीच वाकतात. बाजू उघड्या ठेवा, वर पत्रा टाका. पावसाळ्यात लाकूड जवळजवळ वाळतच नाही, ते महिने धरू नका.

वाळलं का, हे हाताला कळत नाही. टोकापासून दीड फूट आतला तुकडा कापून लगेच तोला, समजा ६०० ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ५०० वर थांबला तर पाणी १०० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या २० टक्के. आपल्या दमट हवेत दारासाठी १५च्या आसपास हवं. सुताराला अजून थांबायला सांगा.